परदेशातून वारस नोंद: पत्र कुणाला आणि त्यात काय

वडील जाऊन आठ महिने झाले. जुन्नर तालुक्यात त्यांच्या नावावर शेती आहे आणि गावठाणात घर. मी न्यू जर्सीत, बहीण मेलबर्नला, आई आणि धाकटा भाऊ पुण्यात. ‘जमीन आमच्या नावे करावी’ असं पत्र मी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. ‘संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा’ असा शेरा मारून ते परत आलं. आता कुणाला आणि काय लिहू? — वाचक, न्यू जर्सी

तुमचं पत्र अर्धं बरोबर ठिकाणी गेलं होतं. भूमी अभिलेख खातं मोजणी, नकाशे आणि मिळकत पत्रिका सांभाळतं. शेतीचा सातबारा महसूल खात्याकडे असतो, म्हणजे गावच्या तलाठ्याकडे. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच चालतं. गावठाणातल्या घराचं नगर भूमापन झालं असेल आणि मिळकत पत्रिका निघालेली असेल, तर त्या घरापुरता अर्ज भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडेच जातो. पत्रिका नसेल तर घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला कर आकारणीपुरतं लागलेलं असतं आणि तिथला अर्ज ग्रामसेवकाकडे. तेव्हा शेती आणि घर एका पत्रात घालू नका. जमीन दोन गावांत असेल तर गावागणिक वेगळा अर्ज करा.

लिहिण्याआधी वडिलांच्या खात्याचा ८-अ उतारा काढा. त्यात त्या गावातले त्यांच्या नावचे सगळे गट एका कागदावर येतात. घरच्यांना आठवणारे गट आणि ८-अ वरचे गट नेहमी जुळतातच असं नाही. विहिरीजवळचा दोन-चार आर तुकडा कुणाच्या लक्षातच नसतो आणि मग तो एकटा वीस वर्षं मयताच्या नावावर राहतो.

पत्राचा मजकूर साधारण असा असावा:

> प्रति, ग्राम महसूल अधिकारी, सजा …, ता. जुन्नर, जि. पुणे
>
> विषय: खातेदार मयत झाल्याने वारस नोंद होणेबाबत
>
> महोदय, मौजे … येथील खाते क्र. …, गट क्र. … व …, एकूण क्षेत्र १ हे. २० आर, ही जमीन आमचे वडील (सातबाऱ्यावर आहे तसे पूर्ण नाव) यांच्या नावे दाखल आहे. ते दि. … रोजी पुणे येथे मयत झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. त्यांचे वारस पुढीलप्रमाणे आहेत: आई, पत्नी, थोरला मुलगा, धाकटा मुलगा, मुलगी (प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, पत्ता, मुलीचे माहेरचे व सासरचे नाव). यांखेरीज अन्य वारस नाही. वारस नोंदवहीत नोंद घेऊन फेरफार करावा. आमच्या वतीने नोटीस स्वीकारण्यास धाकट्या भावास अधिकार दिला असून त्याचा पत्ता व मोबाइल क्रमांक खाली दिला आहे. अर्जाची पोच मिळावी.

यातल्या ‘आई’ या पहिल्या नावाकडे बघा. म्हणजे वडिलांची आई, तुमची आजी. ती हयात असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ती वर्ग एकची वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीची. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल, तर चौघांचे चार हिस्से न होता आजीसह पाच होतात. परदेशातून आलेल्या अर्जांत आजी हमखास सुटते, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपलं घर असतं, वडिलांचं नव्हे. एखादं भावंड आधीच वारलं असेल तर त्याची मुलं आणि पत्नीही यादीत यायला हवीत. गावात चौकशी झाली की सुटलेलं नाव बाहेर येतंच आणि अर्ज खोटा ठरतो.

सोबत मृत्यू दाखला, ८-अ आणि सातबारा, वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडा. प्रतिज्ञापत्र आईने किंवा पुण्यातल्या भावाने करावं. ते इथे होतं आणि इथलं म्हणून चटकन मान्यही होतं. सगळ्या वारसांनी अर्जावर सही केलीच पाहिजे असं नाही. एकाने कळवलं तरी पुरतं, नावं मात्र सगळ्यांची द्यावीत. तुम्ही आणि बहिणीने पासपोर्टच्या स्वसाक्षांकित प्रती आणि तिकडचा पूर्ण पत्ता पाठवा. पासपोर्टवर वडिलांचं नाव किंवा माहेरचं आडनाव नसेल तर जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला जोडा. त्या नावाची आणि वारसाची व्यक्ती एकच आहे हे प्रतिज्ञापत्रात एका वाक्यात लिहून घ्या.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. तुमची मुदत टळली आहे, पण हक्क बुडत नाही. भाऊ हाच अर्ज ई-हक्क प्रणालीवरही भरू शकतो (pdeigr.maharashtra.gov.in). माझं मत विचाराल तर पोस्टापेक्षा तेच बरं, कारण अर्ज क्रमांक हाती राहतो.

मी ऑस्ट्रेलियाची नागरिक आहे. भाऊ म्हणतो, परदेशी नागरिकाचं नाव शेतजमिनीला लागतच नाही. फार तर ‘इतर हक्कात’ नाव टाकू म्हणतो. हे खरं का? — वाचक, मेलबर्न

भावाने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मिळालेल्या जमिनीला ही बंदी नाही. भारतात राहणाऱ्या वडिलांकडून आलेली जमीन तुम्ही धारण करू शकता, असं परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचं कलम ६(५) सांगतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. उत्तराधिकार कायदा तर नागरिकत्वाचा प्रश्नच विचारत नाही. अडचण पुढे विकताना येते: घेणारा भारतात राहणारा हवा, आणि महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे साधारणपणे तो शेतकरीही हवा.

‘इतर हक्क’ हा सातबाऱ्यावरचा वेगळा रकाना आहे. कर्ज, कूळ, विहिरीतला हिस्सा अशा नोंदी तिथे जातात. बहिणींची नावं तिथे लिहून मोकळं व्हायची जुनी पद्धत गावोगाव आहे आणि ती मला कधीच पटली नाही. मुलगी मुलाइतकीच वारस आहे. वडिलांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत १९५६ पासून, आणि वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ती जन्मतः सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमचं नाव भोगवटादाराच्या रकान्यातच हवं. अर्ज भावाने भरला असेल तर तो दाखल झाल्याबरोबर प्रत मागवा आणि वारसांच्या यादीत स्वतःला शोधा. नाव नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या.

आम्ही दोघे भाऊ दुबईत. जमीन गावातला थोरला भाऊच कसतो, सगळं त्याच्याच नावावर व्हावं अशी आमची इच्छा आहे. ‘आमचा हक्क सोडला’ असं आम्ही पत्रात लिहून दिलं तर त्याच्या एकट्याच्या नावाचा फेरफार होईल का? — वाचक, दुबई

होणार नाही, आणि कुणी करून दिला तर त्यात मोठी पोकळी राहील. स्थावर मालमत्तेतला हक्क नोंदणीकृत दस्ताने सुटतो, साध्या पत्राने किंवा प्रतिज्ञापत्राने नाही. आधी सगळ्या वारसांच्या नावांचा फेरफार होऊ द्या, म्हणजे सातबाऱ्यावर तिघे येतील. मग तुम्ही दोघांनी भावाच्या हक्कात हक्कसोडपत्र करायचं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. त्या दस्तावरून दुसरा फेरफार पडेल आणि तो एकट्याच्या नावाचा असेल.

प्रत्यक्ष येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र द्या, पण ते सर्वसाधारण शब्दांत नको. गट क्रमांक, क्षेत्र, ‘हक्कसोडपत्र करणे, त्यावर सही करणे व ते नोंदवणे’ हे स्पष्ट लिहा. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोटरीसमोर, न्यायालयासमोर किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर झालेलं चालतं. दुबईत वकिलातीचा शिक्का घेतलेला बरा, इथल्या कार्यालयात त्यावर प्रश्न कमी विचारले जातात. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. हे पुष्कळांना माहीत नसतं. मुखत्यारपत्र पाकिटात पडून राहतं आणि दस्ताच्या दिवशी अडतं. एक सांगतो, मुखत्यार म्हणून थोरल्या भावालाच नेमू नका. ज्याला हक्क मिळतो त्यानेच सोडणाऱ्याची सही करावी, हे उद्या कुणी कोर्टात नेलं तर ऐकायला बरं वाटणार नाही.

तुमच्यापैकी कुणी आधीच वारला असेल आणि त्याची मुलं अल्पवयीन असतील, तर त्यांचा हिस्सा आईला परस्पर सोडता येत नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते.

अर्ज देऊन दोन महिने झाले. तलाठी म्हणतो, ‘नोंद धरली आहे’. याचा अर्थ काम झालं का? लंडनमधून कसं पाहू? — वाचक, लंडन

नाही झालं. आधी वारसांची नोंद वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-क मध्ये, घेतली जाते आणि मंडळ अधिकारी चौकशी करून वारस ठरवतात. त्यानंतर फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये, नोंद धरली जाते. मग हितसंबंधितांना नोटिसा निघतात, गावच्या चावडीवर प्रत लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. तुमची नोंद बहुधा या मधल्या टप्प्यावर आहे.

‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडलं की धरलेले फेरफार, त्यांची तारीख आणि प्रकार दिसतात. तिथे तुमचा फेरफार क्रमांक टिपून ठेवा. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात तोच लागतो. नोटीस गावच्या घरी जाऊन दाराला चिकटवली गेली आणि घराला कुलूप असलं तर तुम्हाला काहीच कळत नाही, म्हणून भारतातला एक पत्ता अर्जात आधीच द्यावा लागतो.

हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये जातं आणि सुनावणी होते. तिथे तुमच्या वतीने लेखी म्हणणं आणि अधिकारपत्र घेऊन कुणी हजर राहिलं नाही, तर एकतर्फी निर्णय लागू शकतो. नोंद नामंजूर झाली तर आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करा. नुसतं नाव चुकलं असेल, ‘विष्णू’चं ‘विष्णु’ किंवा आडनाव भलतंच, तर अपील नको. कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज पुरतो.

फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही धरू नका. ही नोंद महसुलापुरती असते. उद्या कुणी चुलत्याने हिश्शाचा दावा लावला तर तो दिवाणी न्यायालयातच निकाली निघेल. म्हणून नोंद झाल्यावर नव्या सातबाऱ्याबरोबर जुना सातबारा, ६-क चा उतारा आणि फेरफाराची प्रतही मागवून जपून ठेवा.