डी.एल.एड.च्या असाइनमेंटसाठी लघुकथा लिहायचीय, गावातले शिक्षक काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रीचा वर्ग सुरू करतात अशी. कथेत नेमकं काय घडवू? एखादा नमुना मिळेल का?

नमुना खाली देतेय, पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, ती म्हणजे मुलांची वयं. मी अध्यापक विद्यालयात शिकवते आणि या विषयावरच्या कथा तपासताना पहिल्याच पानावर बारा वर्षांचा मुलगा दिवसभर वीटभट्टीवर राबून रात्री वर्गाला येताना दिसतो. तिथे रात्रीचा वर्ग हे उत्तरच नाहीये. सहा ते चौदा वयाच्या मुलाला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिवसाच्या शाळेत जागा आहे, शाळा सुटलेली असली तरी वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचं असं त्या कायद्याचं कलम 4 सांगतं, आणि तुमच्या कथेतले सर त्याला रात्री बोलवत असतील तर ते आपलंच काम टाळतायत असा अर्थ निघतो. म्हणून मुलं पंधरा ते सतराची घ्या. बालमजुरीच्या कायद्यात 2016 ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा ते अठरा वयाला किशोरवयीन म्हणतात आणि त्यांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. त्यामुळे द्राक्षबाग दाखवलीत तर मुलांच्या हातात फवारणीचा पंप देऊ नका, विरळणीचं काम द्या.

दुसरं म्हणजे सर किती थोर आहेत हे सांगण्यात पानं घालवू नका. मुलं वर्गाला का येत नाहीत हे सरांना कसं कळलं आणि कळल्यावर त्यांनी वर्गात काय बदललं, कथा त्याच्यावर उभी करा, कारण ती शिक्षणशास्त्राच्या पेपरला द्यायचीय.

हा नमुना. गाव निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचा पट्टा, महिना डिसेंबर.

विरळणीचं काम जोरात होतं. सुरगाणा, पेठ या बाजूने आलेल्या टोळ्या बागेत दिवसभर मान वर करून घडातले जास्तीचे मणी कात्रीने कापत होत्या, आणि त्यात गावातलीही शाळा सुटलेली पोरं होती. सरांनी आठवडाभर संध्याकाळी वस्तीवर फिरून नावं गोळा केली आणि साडेसातला झेडपीच्या शाळेत वर्ग भरवला. पहिल्या दिवशी चौदा जण आले. सरांनी पाट्या वाटल्या, नाव लिहा म्हणाले, तर हिरामणने पेन्सिल उचलून परत खाली ठेवली. सरांनी त्याचा हात बघितला. अंगठ्याच्या बुडाला कात्रीच्या कडीचा लाल वळ होता, बोट नीट मिटत नव्हतं. सरांनी सगळ्यांचे हात बघितले आणि पाट्या परत कपाटात ठेवल्या. त्या दिवसापासून वर्गाचा पहिला अर्धा तास फक्त वाचायचा आणि बोलायचा, लिहायचं ते शेवटी, तेही चार-पाच ओळी.

कोण काय वाचू शकतं हे सरांनी एकेकाला बाजूला बसवून बघितलं, आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. सातवीपर्यंत शिकलेला सोमनाथ परिच्छेदावर अडकला आणि पेठहून टोळीबरोबर आलेली, चौथीत शाळा सोडलेली मनीषा गोष्ट सरळ वाचून गेली. गट पाडले ते यत्तेवरून नाही, या वाचनावरून.

दुसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा झाला. चौदाचे चार. सरांना वाटलं पोरं कंटाळली. पण त्यांना रोजची हजेरी तारखेसकट मांडायची सवय होती, तिसऱ्या आठवड्यात पोरं परत आली आणि चौथ्यात पुन्हा गळाली तेव्हा त्यांनी वही सोमनाथपुढे ठेवली.

"हे काय आहे रे? एक आठवडा येता, एक आठवडा येत नाही."

सोमनाथने तारखा बघितल्या. "सर, तेव्हा रातची लाइट होती ना."

शेतीपंपाची लाइट आमच्याकडे आठवडा-आठवडा फिरते, एकदा दिवसाची पाळी, एकदा रात्रीची. रात्रीची पाळी असली की दहाला लाइट येते आणि कांद्याचं भरणं करायला, दारं धरायला घरातलं तरणं पोरगंच लागतं, म्हणून ती आठलाच जेवून झोपायची. सरांनी भिंतीवर दोन वेळापत्रकं लावली. दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात साडेसात ते नऊ, रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात सव्वासहा ते सात, कामावरून थेट, कारण पोटात भूक असताना पाऊण तासाच्या वर कोणी बसत नाही.

गळालेल्या मुली तरीही परत येत नव्हत्या. मनीषाच्या आईने स्पष्ट सांगितलं, "गुरुजी, शाळेपर्यंत अंधार हाये, आन् भाकऱ्या कोण करील?" सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. शाळेचा वर्ग बंद करून वस्तीवरच्या समाजमंदिरात आणला, तिथून मनीषाच्या घरची चूल दिसायची. मनीषा पीठ मळून ठेवून यायची आणि सुटली की भाकऱ्या थापायची.

मग हिरामणचा हिशोब निघाला. सहा जणांची टोळी, बाग दोन एकर दहा गुंठे, ठेका एकरी 8,000 रुपये. मुकादमाने प्रत्येकाला 2,800 दिले होते. हिरामणने मोबाइल पुढे केला, "बरोबरच हाये सर, मी पण करून पाह्यलं, 2.10 गुणिले 8000, सोळा हजार आठशे, भागिले सहा."

सरांनी चूक सांगितली नाही. दोन गट केले, एकाला म्हणाले मोबाइलवर करा, दुसऱ्याला म्हणाले तोंडी करा, कागद नाही, मोबाइल नाही. तोंडीवाल्यांत मनीषा होती. ती म्हणाली, दोन एकराचे सोळा हजार, दहा गुंठे म्हणजे पाव एकर, त्याचे दोन हजार, झाले अठरा हजार, एकाला तीन हजार. मोबाइलवाले 2,800 वर ठाम. दहा मिनिटं नुसता आरडाओरडा चालला आणि सर गप्प बसून राहिले.

मग त्यांनी फरशीवर खडूने चाळीस चौकटी काढल्या. हा एक एकर, एक चौकट एक गुंठा. "दहा गुंठे रंगव." हिरामणने दहा चौकटी रंगवल्या. "आता मोबाइलमधला तुझा .10 रंगव. पॉइंट दहा म्हणजे एकाचे दहा भाग केले त्यातला एक." हिरामणने चाळीसला दहाने भागलं आणि चार चौकटींवर येऊन थांबला. बराच वेळ तो त्या चार आणि दहा चौकटींकडे बघत राहिला. मग स्वतःच बोलला, "सहा गुंठ्यांचे पैसेच धरले नाही राव." गुंठ्याला दोनशे, सहा गुंठ्यांचे बाराशे, माणशी दोनशे.

मुकादम म्हणाला मला मालकाकडून जेवढे मिळाले तेवढे वाटले, तो विषय संपला. बाराशे रुपये काही परत आले नाहीत. पण पुढचा ठेका ठरवताना हिरामणने माप गुंठ्यात लिहून घेतलं, 70 गुंठे, गुंठ्याला 200, आणि हिशोब काम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना वाचून दाखवला. मार्चमध्ये काढणी उरकून टोळ्या परत निघाल्या तेव्हा मनीषाने सरांकडून दोन पुस्तकं मागून घेतली आणि दहावीचा सतरा नंबर फॉर्म कधी निघतो ते विचारलं.

कथा एवढीच.

आता असाइनमेंटमध्ये कथेखाली स्पष्टीकरण मागतात, तिथे चौकटींचा प्रसंग घ्या, तोच सगळ्यात जास्त कामाचा आहे. मुलांना पाव एकर तोंडपाठ असतो, त्यांचं तोंडी गणित पक्कं असतं, गडबड होते ती लेखी दशांशाला. दशांश दहाच्या पटीत चालतो आणि एकराचे गुंठे चाळीस, त्यामुळे गुंठे पॉइंटनंतर लिहिले की हिशोब चुकणारच. वेळ असेल तर दुसऱ्या दिवशीचा पाठ म्हणून सातबारा आणा, त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि हेक्टरचे आर शंभर, म्हणून तिथे 0.91 लिहिलं तर पॉइंटनंतरचे 91 खरोखरच 91 आर असतात (आपली दोन एकर दहा गुंठे बाग म्हणजे साधारण एवढीच). एका ठिकाणी पॉइंट चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी का नाही, हे मुलं स्वतः बोलली पाहिजेत, सरांनी सांगून टाकलं की पाठ वाया गेला. पाठ जमला की नाही ते बघायला सोपा प्रश्न आहे: एक एकर पाच गुंठे कॅल्क्युलेटरवर कसं टाकाल? 1.5 किंवा 1.05 म्हणाली तर अजून समजलेलं नाही, पाचला चाळीसने भागून 1.125 काढलं किंवा सरळ 45 गुंठे धरले तर समजलं.

ऐतिहासिक संदर्भ हवाच असेल तर एका वाक्यात बसवा, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात आपल्या राहत्या घरी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. जास्त लांबवू नका, कथा तुमच्या सरांची आहे.

सतरा नंबर फॉर्मचं वाक्य ठेवणार असाल तर एवढं बघा की तो खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा असतो आणि त्याला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणजे मनीषाला आधी पेठला जाऊन जुन्या शाळेतून दाखला काढावा लागणार. चौथीतून सुटलेल्या मुलीला थेट दहावीला बसवायचं तर वयाची आणि शिक्षणाची अट मंडळाच्या त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घ्या, नाहीतर तिला सोमनाथसारखी सातवी झालेली दाखवा. शब्दमर्यादा कमी असेल तर समाजमंदिराचा परिच्छेद दोन ओळींत आणा, पण हजेरीची वही आणि चौकटी कापू नका.