निवेदनात 'मी' कुठे लिहायचा?

"मी बीड जिल्ह्यात साठवण तलावांच्या कामावर शाखा अभियंता आहे. प्रोफेशनल इंजिनिअर नोंदणीसाठी अनुभवाचं निवेदन लिहिलं, ते 'यात तुम्ही कुठे आहात?' असा शेरा मारून परत आलं. तलाव तर सगळ्यांनी मिळून बांधला. काय लिहू?"

माझंही पहिलं निवेदन असंच परत आलं होतं. खात्यात 'काम करण्यात आले', 'आढळून आले' लिहून लिहून वाक्यातला करणारा माणूसच गायब होतो. पण 'आम्ही' खोडून 'मी' लिहिल्यानं भागत नाही. 'मी 420 मीटरचा भराव बांधला' हे तर सरळ खोटं. भराव ठेकेदाराच्या रोलरनं बांधला.

तुम्ही स्वतः निर्णय घेतला, असा एक दिवस शोधा. माझा मे महिन्यातला होता. गाभ्याच्या काळ्या मातीचा थर दबल्यावर मी कोअर कटरनं नमुने घेतले. निविदेत प्रॉक्टर घनतेच्या 98 टक्के हवे होते, आले 94. ठेकेदार म्हणाला, "साहेब, अजून चार फेऱ्या मारतो." मी ओलावा काढला, तर तो इष्टतम ओलाव्यापेक्षा 4 टक्के कमी. कोरडी ढेकळं कितीही रोलर फिरवला तरी नीट दबत नाहीत, आणि भरावावर वरून पाणी मारलं तर वरचा चिखल होतो, ढेकळाच्या पोटात पाणी शिरत नाही. म्हणून मी थर उकरून काढायला लावला, आणि माती खाणीतच आदल्या संध्याकाळी भिजवायची पद्धत घालून दिली. नंतरचे नमुने 98 च्या वर आले.

हे निवेदनात असं उतरलं: 'घनता कमी असल्याचं मी चाचणीतून शोधलं, कारण ओलावा हे ठरवलं, थर अमान्य केला आणि माती भिजवण्याची पद्धत बदलली.' चारही क्रियापदं माझी. 420 मीटर आणि प्रकल्पाची किंमत संदर्भापुरती एका ओळीत गेली.

त्याच तलावाच्या पायाचा चर एका ठिकाणी फुटक्या मांजऱ्या खडकामुळे खोल न्यावा लागला. तिथे मी लिहिलं, 'मी खोली वाढवण्याची शिफारस केली, मंजुरी कार्यकारी अभियंत्यांनी दिली.' बरेच जण इथे मंजुरीही स्वतःच्या नावावर घेतात, आणि निवेदनावर सही करणारे वरिष्ठच तिथे अडतात. शिफारस लिहिल्यानं कमीपणा येत नाही. फक्त ती कशाच्या आधारावर केली तेही लिहा. मी चरातला खडक पाहून ठिकठिकाणच्या भेगा नोंदवल्या होत्या.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "थर अमान्य करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" निविदेतलं कलम आणि साइट ऑर्डर बुकातल्या त्या तारखेच्या नोंदीची प्रत मी सोबत नेली होती. तुमच्याकडे अशी नोंद असलेला दिवस निवडा.