पाटी कोरी नसते, गाठी सैल असतात

"मॅडम, चार-चार वेळा वाचते हो. वाचताना सगळं कळतं. सकाळी उठून आठवायला बसलं की पाटी कोरी. चोपन्नाव्या वर्षी डोक्यात काही राहत नाही, हेच खरं ना?"

मुक्त विद्यापीठातून बी.ए. करणाऱ्या गृहिणी, खात्याच्या परीक्षेला बसलेले कारकून, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देणाऱ्या अंगणवाडीतल्या मदतनीस, अशा कितीतरी जणांनी माझ्यासमोर बसून थोड्याफार फरकाने हेच विचारलं आहे. त्यातल्याच एका ताईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अभ्यासाकडे वळण्याआधी मी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. झोप किती होते, थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का, सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पाळी जाण्याच्या काळातला त्रास आहे का. यातली कुठलीही गोष्ट स्मरण मंद करते आणि बहुतेकींवर उपाय असतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा विचारला जात असेल किंवा रोजच्या स्वयंपाकातला क्रम हरवत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. ताईंच्या बाबतीत असं काही नव्हतं.

त्यांचा अडलेला धडा एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेचा होता. मी सहा चिठ्ठ्या केल्या. तीन चिठ्ठ्यांवर नावं लिहिली : प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज, आर्य समाज. तीनवर सालं : १८६७, १८७३, १८७५. धड्यात नसलेली आणखी चार सालं त्यांत मिसळली.

"यातलं धड्यात काय होतं, ते वेगळं काढा."

त्यांनी सहाही चिठ्ठ्या न चुकता बाजूला काढल्या.

"आता जोड्या लावा."

तिन्ही जोड्या चुकल्या. त्यांचा चेहरा पडला, पण मला तिथेच उत्तर सापडलं होतं. "ताई, पाटी कोरी नाहीये. सगळं जागेवर आहे, फक्त गाठी सुटल्यात."

वयानुसार स्मरणात होणारा हा बदल संशोधकांनी नीट तपासला आहे. सुटी गोष्ट ओळखण्यात वयस्क माणूस तरुणांच्या फारसा मागे पडत नाही. कोणतं नाव कोणत्या सालाशी, कोणता चेहरा कोणत्या नावाशी, ही नवी जोडी बांधताना मात्र तो मागे पडतो. शिवाय मेंदूचा कामाचा वेगही हळूहळू उतरतो. शब्दसंग्रह आणि जगाचं ज्ञान मात्र साठीपर्यंत वाढत राहतं किंवा टिकून असतं. म्हणून वयस्क शिकणाऱ्याने कोरी घोकंपट्टी करणं म्हणजे आपली पडती बाजू पुढे करून चांगली बाजू बांधून ठेवणं. माझा कल पहिल्यापासून असा, की माणसाकडे जे आधीच आहे त्यालाच नवं जोडावं.

ताईंकडे काय होतं, ते पुढच्या भेटीत समजलं. त्या वीस जणींची भिशी चालवत होत्या. कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, कोणाचा नंबर कधी लागला, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

"हे कसं लक्षात राहतं?"

"रात्री पडल्या पडल्या एकेकीचं दार डोळ्यांसमोर आणते. हिने दिले, हिचे राहिले. मग उठून वही बघते, बरोबर आहे का म्हणून."

"वही आधी का नाही बघत?"

त्या हसल्या. "आधी बघितली तर डोकं कशाला चालेल?"

अभ्यासात मात्र त्या बरोबर उलटं करत होत्या. आधी वही, नंतरही वहीच. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा वाटणं म्हणजेच आठवणं, अशी आपली फसगत होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे फार स्वच्छ दाखवलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, पण वयस्कांवरच्या नंतरच्या अभ्यासांतही आठवून पाहण्याचा फायदा दिसला आहे.

आता प्रश्न राहिला गाठींचा. मी त्यांना एक प्रसंग सांगितला. १८७५ साली स्वामी दयानंद पुण्यात आले, तेव्हा त्यांची मिरवणूक निघाली आणि तिच्यात न्यायमूर्ती रानडे होते, जोतीराव फुलेही होते. ताई गप्प बसून ऐकत होत्या. मग चिठ्ठ्या स्वतःकडे ओढून म्हणाल्या, "थांबा मॅडम. म्हणजे आर्य समाजाचं हे जन्मवर्ष. तेव्हा फुल्यांचा समाज दोन वर्षांचा आणि रानड्यांचा आठ वर्षांचा. थोरला, मधला, धाकटा."

तिन्ही जोड्या लागल्या. मी आयुष्यभर कोष्टकं करून दिली असती, तरी इतकी पक्की गाठ मला बांधता आली नसती. घरातल्या पोरांची वयं हिशेबात ठेवणाऱ्या बाईने ती स्वतःच्या रीतीने बांधली. दुसऱ्याने दिलेल्या युक्तीपेक्षा स्वतः लावलेला संबंध जास्त टिकतो, हे मी शिकले होते. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

मग आम्ही अभ्यासाची घडी बदलली. रात्री दहाला थकल्यावर वाचणं बंद केलं आणि सकाळी सहाची वेळ धरली, कारण या वयात बहुतेकांचं डोकं सकाळी जास्त ताजं असतं. एका बैठकीत दोन पानंच घ्यायची. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कच्च्या वहीत लिहायचं, मग लगेच ताडून बघायचं. ताडण्यात आळस करू नये. चुकीचं उत्तर दुरुस्त न होता दोन-चारदा मनात आलं की तेच घट्ट बसतं आणि वयस्कांना ते खोडणं जास्त जड जातं. तीच पानं दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, दर वेळी आधी आठवून आणि नंतर उघडून. मधल्या दिवसांत थोडं विसरायला होतं, ते चालतं. किंचित विसरलेलं ओढून आणण्यातच गाठ आवळली जाते.

पहिले दहा-बारा दिवस ताई वैतागल्या होत्या. "वाचायचे तेव्हा बरं वाटायचं, आता रोज नापास झाल्यासारखं वाटतं." या टप्प्यावर पुष्कळ जण पुन्हा वाचनाकडे वळतात. मी त्यांना रोजचा आकडा पाहू दिला नाही. एकाच धड्याचं पहिल्या दिवशीचं पान आणि आठव्या दिवशीचं पान शेजारी ठेवायला सांगितलं. पहिल्यावर चार मुद्दे होते, आठव्यावर अकरा.

वेगाचा प्रश्न मात्र या पद्धतीने सुटत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून त्या घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका लिहू लागल्या. आधी पाऊणपट प्रश्न वेळेत व्हायचे. परीक्षेच्या सुमारास शेवटचा प्रश्न थोडक्यात का होईना, पण पुरा होऊ लागला. आणि ज्या याद्यांना कशाचाच आधार नव्हता, त्या शेवटपर्यंत कच्च्याच राहिल्या. त्यांच्यामागे लागू नका, असं मीच सांगितलं.

परीक्षेआधीच्या शेवटच्या भेटीत मी एक नवी चिठ्ठी पुढे सरकवली : पंडिता रमाबाई, शारदा सदन.

ताईंनी डोळे मिटले. भिशीच्या वेळी मिटत असतील तसे.

"१८८९," त्या म्हणाल्या. "धाकटा तेव्हा चौदा वर्षांचा." आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहिलं.