एमबॉट, वॉलहॅक आणि ते कसे पकडले जातात

प्रश्न: दादा, आमच्या ग्रुपमध्ये कुणी म्हणतं समोरचा एमबॉट लावतोय, कुणी म्हणतं वॉलहॅक. दोन्हींत फरक काय? आणि अँटी-चीट नेमकं पकडतं कसं? आम्ही रिपोर्ट करून चार दिवस झाले, तो आयडी अजून खेळतोय.

उत्तर:

वॉलहॅक डोळ्यांची चोरी आहे, एमबॉट हातांची. वॉलहॅकवाल्याला भिंतीमागचा माणूस दिसतो, पण नेम त्याला स्वतःलाच धरावा लागतो. एमबॉटवाल्याचा नेम प्रोग्राम धरतो. दोन्ही एकत्र लावणारेही असतात, पण पकडण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणून हा फरक आधी डोक्यात पक्का कर.

वॉलहॅक मुळात शक्य का होतो, ते बघ. सामना सर्व्हरवर चालतो आणि तुझा कॉम्प्युटर फक्त चित्र काढतो. शत्रू कोपऱ्यातून बाहेर आला की त्याच क्षणी दिसायला हवा, म्हणून सर्व्हर त्याची जागा तुझ्या मशीनला आधीच कळवून ठेवतो. चित्रात भिंत आडवी असते, पण मेमरीत त्याचे आकडे पडलेले असतात. वॉलहॅक तेच आकडे वाचतो आणि त्या जागी चौकट काढतो.

म्हणून यावरचा सगळ्यात चांगला इलाज पकडण्याचा नाहीच, न देण्याचा आहे. व्हॅलोरंटमध्ये रायटने ‘फॉग ऑफ वॉर’ याच विचाराने बांधलं: शत्रू तुला दिसण्याच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा पाठवतच नाही. जे मशीनवर आलंच नाही, ते कुठलाही हॅक वाचू शकत नाही. पण याला मर्यादा आहे. नेटला वेळ लागतो, म्हणून सर्व्हरला माहिती थोडी आधी सोडावीच लागते. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत अडवली तर प्रामाणिक खेळाडूसमोर शत्रू हवेतून उगवल्यासारखा येईल. तेवढी फट उरतेच, आणि कोपऱ्यावरच्या लढाईत हॅकवाल्याला तेवढीही पुरते.

एमबॉटचं तसं नाही. तो समोर दिसणाऱ्या माणसावरही चालतो, त्यामुळे माहिती अडवून भागत नाही. तुझी जागा आणि शत्रूच्या डोक्याची जागा यांची वजाबाकी केली की माउस किती अंश वळवायचा ते निघतं, आणि तो ते वळवतो. इथे पुरावा माउसच्या हालचालीतच असतो. आपला हात झटक्याने जातो, बहुतेक वेळा थोडा पुढे किंवा थोडा मागे थांबतो, मग बारीक दुरुस्ती करतो. साधा एमबॉट एका उडीत डोक्यावर बसतो. हुशार एमबॉट मुद्दाम सावकाश वळतो, पण त्याचा सावकाशपणा दर वेळी एकाच साच्यातला असतो.

हा साचा एका गोळीत दिसत नाही, शंभरात दिसतो. काउंटर-स्ट्राइकसाठी व्हॉल्व्हने व्हॅकनेट नावाची यंत्रणा बनवली आणि तिचं काम २०१८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये समजावून सांगितलं. प्रत्येक गोळीच्या आधीचा अर्धा सेकंद आणि नंतरचा पाव सेकंद घ्यायचा, त्यात नजर आडवी-उभी किती वळली ते नोंदवायचं, आणि अशा १४० गोळ्या एकत्र तपासायच्या. संशय आला की प्रकरण ओव्हरवॉच नावाच्या तपासणीत अनुभवी खेळाडूंसमोर जायचं आणि निकाल ते द्यायचे. हे सगळं सर्व्हरकडच्या नोंदींवर चालतं, त्यामुळे हॅक मशीनमध्ये कितीही खोल लपला तरी हात लपत नाही. मला ही वाट सगळ्यात भरवशाची वाटते.

तुझ्या मशीनवर बसणारं अँटी-चीट वेगळं काम करतं. ओळखीच्या हॅकच्या खुणा शोधायच्या, दुसरा प्रोग्राम गेमची मेमरी वाचतोय का ते बघायचं, गेमचा कोड कुणी बदललाय का ते तपासायचं. व्हॅलोरंटचं अँटी-चीट व्हॅनगार्ड तर विंडोज सुरू होतानाच चालू होतं, म्हणजे हॅकला त्याच्या आधी घुसता येऊ नये. पण ‘कोड बदललाय’ एवढ्यावरून माणूस चोर ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या अँटी-लॅग प्लस या सोयीने काउंटर-स्ट्राइक २ च्या इंजिनातली फंक्शन्स परस्पर वळवली आणि ती चालू ठेवणाऱ्या निर्दोष लोकांवर बॅन आले. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्यामुळे एका खुणेवर कुणाला चोर म्हणू नकोस.

आता तुझा आयडी. बॅन त्याच दिवशी न येण्यामागे बऱ्याचदा कारण असतं. हॅक सापडला त्या मिनिटाला बॅन केलं, तर विकणाऱ्याला कळतं की कुठल्या बदलामुळे तो सापडला, आणि तो रात्रीत दुरुस्ती करतो. म्हणून बॅन साठवून एका झटक्यात सोडतात. चार दिवसांवरून काहीच ठरत नाही.

तोवर तुम्ही स्वतः डेमो, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग बघा. गेल्या वर्षी मी एका छोट्या कॉलेज स्पर्धेत अ‍ॅडमिन होतो, तेव्हा डस्ट २ या मॅपवरच्या सामन्यात एका मुलावर एमबॉटची तक्रार आली. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये डेमो लावला आणि कन्सोलमध्ये हे टाकलं:

```
demo_timescale 0.25
spec_show_xray 1
```

पहिल्या ओळीने वेग पावपट होतो, दुसरीने भिंतीमागचे खेळाडू दिसतात. तक्रार होती त्या मुलाचे सहा हेडशॉट मी एक-एक करून बघितले. चार वेळा त्याचा क्रॉसहेअर डोक्याच्या पुढे गेला आणि परत आला, दोन वेळा तो आधीच योग्य उंचीवर धरलेला होता. तो माझ्या मते स्वच्छ होता, मेहनती हात होता.

खरी गडबड त्याच्याच टीममधल्या गप्प मुलाची निघाली. त्याचे किल बेताचेच होते. बी साइटवर उभा असताना बोगद्यातून एक शत्रू शिफ्ट दाबून, पावलांचा आवाज न करता येत होता. याचा क्रॉसहेअर भिंतीवर त्या शत्रूच्या डोक्याच्या उंचीला चिकटून सरकत होता. शत्रू अर्ध्यावर थांबला आणि उलटा फिरला, तर क्रॉसहेअरही थांबला आणि उलटा फिरला. हे तीन वेगवेगळ्या राउंडमध्ये झालं. पावलं ऐकू आली असती किंवा सोबत्याने सांगितलं असतं, तर ‘बोगद्यात कुणीतरी आहे’ एवढंच कळलं असतं. भिंतीमागे तो नेमका कुठल्या क्षणी वळला, हे कानाने कळत नाही.

तुमच्या डेमोतही हेच शोधा: आवाज नसलेला शत्रू, त्याने अचानक बदललेली दिशा आणि त्याच क्षणी वळलेला क्रॉसहेअर. एकदा दिसलं तर योगायोग धरून सोडून द्या. दोन-तीन राउंडमध्ये दिसलं तर राउंडचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. स्पर्धेचा सामना असेल तर अ‍ॅडमिनला डेमोसकट द्या, कारण ‘तो हॅकर आहे’ या वाक्यापेक्षा ‘राउंड ११, घड्याळात १:०४’ हे तपासणं त्याला खूप सोपं जातं.