दादऱ्यातून केरव्यात जाताना मॅशअप कसं जोडायचं?

प्रश्न: मालवणात नारळी पौर्णिमेला होडी निघाल्याचं गाणं (दादरा) आणि किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बायकोचं गाणं (केरवा) जोडायचंय. मध्येच लय कोसळते. काय करू?

उत्तर: मात्रांचा वेग धरू नका, टाळीचा धरा, आणि मध्ये दोनच ओळी नव्याने लिहा. दादऱ्यात एका टाळीत 3 मात्रा बसतात, केरव्यात 4. मात्रांचा वेग तोच ठेवला की केरव्यात टाळ्यांमधलं अंतर वाढतं आणि गाणं रेंगाळतं. तुमचं तेच होत असणार. ढोलकीवाल्याबरोबर अशा जोड्या बसवताना मी आधी नुसती टाळी धरायला लावतो, मग शब्द. जोडओळींतली पहिली दादऱ्याच्या मापाची, दुसरी केरव्याच्या:

शीड दिसे दूर दूर (3+3+3+3)
काठावरती डोळे ओले (4+4+4+4)

लघु अक्षराची 1 मात्रा, गुरूची 2, असं मोजून बघा. दोन्ही ओळींत टाळ्या चारच, आणि प्रत्येक टाळी अक्षराच्या सुरुवातीलाच पडते. ‘काठावरती’ऐवजी ‘किनाऱ्यावर’ घातलंत तर दुसरी टाळी ‘ऱ्या’च्या पोटात पडते आणि ओळ अडखळते. अर्थाचंही काम होतं: पहिली ओळ होडीतली नजर संपवते, दुसरी बायकोची सुरू करते. ढोलकीचा ठेका दुसऱ्या ओळीच्या ‘का’वर बदला, आधी नाही.

एक अट आहे: दोन्ही गाण्यांचा षड्ज एकच हवा. वेगळा असेल तर दुसरं गाणं पहिल्याच्या पट्टीत आणा, आणि तार सप्तकात गायिकेचा आवाज ताणला जात असेल तर दोन्ही गाणी एकदमच खाली घ्या.