चेअरपर्सन, नर्स आणि फ्रेंचमधलं लिंग: आधी माणूस शोधा, मग व्याकरण

प्रश्न: एका रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचं इतिवृत्त इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करायचं आहे. 'चेअरपर्सन' आणि 'नर्स' हे शब्द सतत येतात, पण 'ही' किंवा 'शी' कुठेच नाही. फ्रेंचमध्ये पुल्लिंग घेऊ की स्त्रीलिंग? नियम काय आहे?

उत्तर:

प्रत्येक ठिकाणी आधी एवढंच पाहा, की वाक्य एका ठरावीक माणसाबद्दल आहे की पदाबद्दल. 'चेअरपर्सननी बैठक सुरू केली' यात त्या दिवशी खुर्चीवर बसलेली एक व्यक्ती आहे. 'चेअरपर्सनची मुदत दोन वर्षांची असेल' यात कुणीच नाही, फक्त पद आहे. माणूस असेल तर तो पुरुष आहे की स्त्री हे शोधावंच लागेल, आणि ते व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

एक वाक्य घेऊन बघू. समजा मुळात असं आहे, की चेअरपर्सन आले आणि नर्सच्या अहवालावर समाधानी होते. (मराठीत सांगतानासुद्धा मला 'आले' की 'आल्या' हे ठरवावं लागलं.) अध्यक्ष पुरुष असेल तर फ्रेंचमध्ये 'ल प्रेझिदाँ', स्त्री असेल तर 'ला प्रेझिदाँत'. 'आले' या क्रियापदाचा भूतकाळ 'असणे' या सहायक क्रियापदाने होतो, म्हणून त्याचं कृदंतही कर्त्याप्रमाणे बदलतं. 'आरिव्हे'चा उच्चार दोन्हीकडे तोच राहतो, पण स्त्रीलिंगी रूपाला लिहिताना शेवटी एक जास्तीचा 'ई' लागतो. 'समाधानी'साठी पुरुषाला 'साटिस्फे', स्त्रीला 'साटिस्फेत'. म्हणजे एका अध्यक्षासाठी आर्टिकल, नाम, कृदंत आणि विशेषण अशा चार जागी निर्णय झाला. नर्सच्या बाबतीत तो एकाच जागी दिसतो, कारण 'अँफिर्म्ये' (पुरुष) आणि 'अँफिर्म्येर' (स्त्री) हे दोन्ही शब्द स्वराने सुरू होतात आणि त्यांच्यापुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडून नुसता 'ल्' उरतो. शब्दाचं शेपूट चुकलं, तर चूक दाखवून द्यायला पुढे आर्टिकल नसतं.

मराठी माणसाची सवय इथे थोडी उलटी पडते. आपल्याकडे 'अध्यक्ष' तसाच राहतो आणि बाई आहेत हे 'म्हणाल्या'वरून कळतं. फ्रेंचमध्ये 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या' सारखंच, कारण तिथे सहायक क्रियापद 'असणे' नसून 'जवळ असणे' आहे. लिंग नामालाच चिकटतं. म्हणून क्रियापदं तपासून समाधान मानू नका. उलट 'तिचा अहवाल' आणि 'त्याचा अहवाल' हा फरक फ्रेंचमध्ये पुसला जातो. 'सों रापोर'मधला 'सों' अहवालाच्या लिंगाप्रमाणे चालतो, मालकाच्या नाही. त्यामुळे फ्रेंच मसुद्यात नर्सचं लिंग चुकलं असलं तरी पुढची चार वाक्यं बिनबोभाट वाचली जातात, आणि मग कुठेतरी एक 'एल', म्हणजे 'ती', उगवते.

माणूस शोधायचा कसा? आधी उपस्थितांची यादी बघा. तिथे 'मिस्टर' किंवा 'मिसेस' असेल तर काम झालं. नुसती नावं असतील तर अंदाज बांधू नका. किरण, शीतल, सुमन ही नावं फ्रेंच वाचकाला काहीच सांगत नाहीत, आणि आपल्यालाही खात्रीने सांगत नाहीत. फ्रेंच नावांतही कामीय, दोमिनिक, क्लोद ही नावं दोघांची असतात. मी अशा वेळी काम देणाऱ्याला एकच ओळ लिहिते: 'चेअरपर्सन आणि अहवाल देणारी नर्स, हे दोघे स्त्री आहेत की पुरुष?' उत्तर येईपर्यंत मसुद्यात ती सगळी ठिकाणं रंगवून ठेवते. सवयीने अध्यक्ष पुल्लिंगी आणि नर्स स्त्रीलिंगी करून टाकणं सगळ्यात धोक्याचं, कारण तयार मजकूर अगदी स्वाभाविक वाटतो. मुळात नसलेली माहिती त्यात शिरलेली असते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अध्यक्ष बाई आहेत असं कळलं, तर 'ला प्रेझिदाँत' लिहा, बिनदिक्कत. कुणी जुन्या वळणाचा वाचक 'मादाम ल प्रेझिदाँ' हेच शुद्ध असं सांगेल, म्हणून त्यामागची गोष्ट माहीत असावी. 'प्रेझिदाँत' हा शब्द नवा नाही. पूर्वी तो अध्यक्षांच्या पत्नीसाठीही वापरला जाई, जशी 'अँबासाद्रिस' म्हणजे राजदूताची बायको. शिवाय एक युक्तिवाद असा होता, की पद हे पद आहे, त्याला बाई-पुरुष नसतो, आणि फ्रेंचमध्ये तटस्थ रूपाचं काम पुल्लिंग करतं. 6 ऑक्टोबर 2014 रोजी हा वाद थेट फ्रान्सच्या संसदेत आला. सभागृहाचं कामकाज सांद्रिन माझतिये चालवत होत्या. खासदार झ्युलियाँ ओबेर त्यांना वारंवार 'मादाम ल प्रेझिदाँ' म्हणत राहिले, 'ला' म्हणा असं बजावूनही थांबले नाहीत. त्यांच्या महिन्याच्या मानधनाचा चौथा हिस्सा, 1,378 युरो, कापला गेला. फ्रेंच भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रेंच अकादमीने त्या वेळीही पद आणि व्यक्ती वेगळी असल्याची भूमिका मांडली होती. मात्र 28 फेब्रुवारी 2019 ला त्याच अकादमीने पदनामांची स्त्रीलिंगी रूपं स्वीकारणारा अहवाल मंजूर केला. अकादमीच्या तेव्हाच्या प्रमुख एलेन कारेर दांकोस स्वतःला शेवटपर्यंत पुल्लिंगी 'सक्रेतेर पेर्पेत्युएल' म्हणवून घेत होत्या. इथून एक उपयोगाची गोष्ट मिळते: एखाद्या बाईंनी स्वतःच्या लेटरहेडवर पुल्लिंगी रूप छापलं असेल, तर त्यांच्या सहीखाली तेच ठेवा. ते त्यांचं म्हणणं आहे. बाकीचं इतिवृत्त मात्र आजच्या रूढीप्रमाणे चालू द्या. प्रतिभाताई पाटील मराठीत 'राष्ट्रपती'च राहिल्या, पण फ्रेंच मजकुरात त्यांच्यासाठी 'ला प्रेझिदाँत' हेच येतं.

सगळे शब्द इतके सरळ नसतात. तुमच्या इतिवृत्तात डॉक्टरही असणारच. 'मेद्सँ'चं नियमाप्रमाणे स्त्रीलिंग करायला गेलात तर 'मेद्सिन' होतं, आणि तो शब्द वैद्यकशास्त्रासाठी आधीच अडकलेला आहे. म्हणून नाम तसंच ठेवून 'ला मेद्सँ' म्हणतात, किंवा जुन्या पद्धतीने 'ल मेद्सँ' लिहून पुढे 'एल' वापरतात. दोन्ही चालतं, पण एका कागदात एकच धरा. 'मिनिस्त्र', 'झ्यूज' (न्यायाधीश) अशा शब्दांत फक्त आर्टिकल बदलतं, काही त्रास नाही.

हा कागद कुठे वाचला जाणार हेही विचारून घ्या. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताने 1979 सालीच पदनामांची स्त्रीलिंगी रूपं वापरण्याची अधिकृत शिफारस केली होती, फ्रान्सच्या कितीतरी आधी. तिथे लेखिकेला 'ओतर' म्हणतात, फक्त शेवटी एक मुका 'ई' जोडून. फ्रान्समध्ये हल्ली 'ओत्रिस' जास्त दिसतं. नर्सच्या बाबतीत तर फरक संस्थांच्या नावातच आहे. फ्रान्सच्या परिचारकांच्या वैधानिक संस्थेच्या नावात नुसतं पुल्लिंगी अनेकवचन आहे, 'परिचारकांची राष्ट्रीय परिषद' अशा अर्थाचं. क्वेबेकच्या संस्थेच्या नावात आणि तिथल्या नर्सविषयक कायद्याच्या नावात दोन्ही रूपं आहेत आणि स्त्रीलिंगी आधी: 'अँफिर्म्येर ए अँफिर्म्ये'. मॉन्ट्रियलच्या वाचकाला नुसतं पुल्लिंगी अनेकवचन खटकेल, पॅरिसच्या सरकारी कागदात तेच नेहमीचं वाटेल.

आता ज्या नर्सचं नाव कुठेच नाही तिच्याकडे, किंवा त्याच्याकडे, वळू. 'रात्रपाळीत प्रत्येक वॉर्डात एक नर्स असावी' हे पद आहे. इथे शक्य असेल तर माणूसच वाक्यातून काढा. 'पेर्सोनेल अँफिर्म्ये' म्हणजे नर्सिंग कर्मचारीवर्ग, 'स्वँ अँफिर्म्ये' म्हणजे नर्सिंगची शुश्रूषा. दोन्हीकडे 'अँफिर्म्ये' हे विशेषण आहे आणि ते कर्मचारीवर्गाशी किंवा शुश्रूषेशी जुळतं, कुणा माणसाशी नाही. अध्यक्षपदासाठी 'ला प्रेझिदाँस' घेता येतं. 'मुदत दोन वर्षांची' यासारख्या वाक्यात ते चपखल बसतं. पण 'प्रेझिदाँसने चहाचा कप खाली ठेवला' असं होऊ देऊ नका. चालत्याबोलत्या माणसाचं काम पदाच्या नावावर घातलं की वाक्य अवघडतं. 'ला पेर्सॉन' (व्यक्ती) हा शब्द घेतलात तर त्यापुढची विशेषणं आणि कृदंतं स्त्रीलिंगीच हवीत, माणूस पुरुष असला तरी. हे नेमकं दोन ओळींनंतर विसरलं जातं.

नोकरीच्या जाहिराती इतिवृत्ताला जोडलेल्या असतील तर तिथे मोकळीक नाही. फ्रान्सच्या कामगार कायद्यात जाहिरातीत उमेदवाराचं लिंग घालायला मनाई आहे, म्हणून 'अँफिर्म्ये / अँफिर्म्येर' अशी दोन्ही रूपं किंवा पुल्लिंगापुढे कंसात 'पुरुष/स्त्री' अशी अक्षरं देतात. शब्दाच्या पोटात ठिपका घालून दोन्ही रूपं एकत्र लिहायची पद्धतही दिसेल. 21 नोव्हेंबर 2017 च्या पंतप्रधानांच्या परिपत्रकाने राजपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुरात ती वापरू नये असं सांगितलं. त्याच परिपत्रकात बाईंचं पदनाम स्त्रीलिंगी असावं असंही आहे. रुग्णालयाच्या औपचारिक कागदात मी ठिपका टाळते, पूर्ण शब्द दोनदा लिहिते.

तुमच्या कागदात सुईण आली तर मात्र सावध. 'साज-फाम' या शब्दात 'फाम' म्हणजे बाई आहे, म्हणून पुरुष असेल तर काय असा प्रश्न पडतो. फ्रान्समध्ये 1982 पासून पुरुषही हे काम करतात. त्यांच्यासाठी 'माइयुतिसियाँ' असा ग्रीक मुळाचा शब्द सुचवला गेला, पण तो फारसा चालला नाही. त्यातली 'बाई' ही काम करणारी नसून बाळंत होणारी आहे, तिच्याविषयी जाण असलेली व्यक्ती असा अर्थ लावतात. त्यामुळे पुरुषासाठी 'अँ साज-फाम' चालतं, फक्त आर्टिकल पुल्लिंगी.

काम संपल्यावर एकदा फक्त लिंगासाठी मसुदा वाचा. प्रत्येक माणसाचं नाव धरून त्याच्याबद्दलची वाक्यं सलग शोधा: आधी आर्टिकल, मग विशेषण, मग 'असणे' क्रियापदानंतरचं कृदंत, मग 'इल' की 'एल'. काम देणाऱ्याचं उत्तर उशिरा आलं आणि तुम्ही 'प्रेझिदाँ' शोधून एका फटक्यात 'प्रेझिदाँत' केलं असेल, तर 'साटिस्फे' आणि 'आरिव्हे' जुन्याच रूपात उरलेले सापडतील. उच्चार सारखा असल्यामुळे 'आरिव्हे' मोठ्याने वाचूनही पकडता येत नाही, ते डोळ्यांनीच शोधावं लागतं.