छायाप्रकाश आणि काजळी

प्रश्न: “बडोद्याच्या म्युझियममध्ये एका जुन्या तैलचित्राशेजारी चिठ्ठीवर ‘कियारोस्कुरोचा उत्तम नमुना’ एवढंच लिहिलं होतं. मला तर चित्र नुसतं काळं दिसलं. ह्याचा अर्थ काय, आणि नेमकं काय बघायचं?”

शब्द इटालियन आहे. ‘कियारो’ म्हणजे उजळ, ‘स्कूरो’ म्हणजे गडद. आपल्याकडे छायाप्रकाश म्हणतात, तोच शब्द चिठ्ठीवर लिहिला असता तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता. चित्रकार एका बाजूनं उजेड पाडतो आणि त्या उजेडापासून सावलीपर्यंत हळूहळू उतरत जाऊन सपाट कापडावर गोलाई उभी करतो, त्या कामाला हे नाव आहे. चित्र काळं असणं ही त्याची खूण नव्हे. हे मी इतकं ठासून सांगते, कारण ह्याच गैरसमजापायी आमच्या घरात एका चित्रावरच्या काजळीला अकरा वर्षं कोणाला हात लावू दिला नाही.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात दिवाणखान्यात पणजोबांचं तैलचित्र आहे. संस्थानाच्या काळातलं. पगडी, पांढरा अंगरखा, जरीकाठी उपरणं आणि काठीच्या मुठीवर ठेवलेला हात. मला कळायला लागलं तेव्हापासून त्यात एवढंच दिसायचं. बाकी सगळं तपकिरी-काळं. चेहऱ्याची डावी बाजू (आपल्या डावीकडची) तर अंधारात विरघळून गेली होती. चित्राखाली देवघराचं दार, त्यामुळे साठ-सत्तर वर्षांचा समईचा धूर आणि धूप सरळ वर चढलेला. शिवाय दर दिवाळीला आम्ही पोरं ओल्या फडक्यानं ते पुसायचो. माझा हातही त्यात होता.

मी पुढे चित्रकला शिकले आणि एका सुट्टीत काकांना म्हटलं, “काका, हे चित्र साफ करून घेऊ या. काजळी आहे ही.” काका ताडकन म्हणाले, “काजळी नाही ती, कियारोस्कुरो आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जाऊन बघ, मोठमोठी विलायती चित्रं अशीच काळी असतात. तुला चार वर्षं शिकवलं ते काय?” म्हणजे त्यांनीही तुमच्यासारखी कुठलीशी चिठ्ठी वाचली होती. फरक इतकाच की तुम्ही विचारलंत, त्यांनी ठरवून टाकलं. घरात त्यांचा शब्द शेवटचा होता, चित्र तसंच राहिलं.

मी वाद सोडला नाही. काकांच्याच खोलीत हळदणकरांच्या निरांजन घेतलेल्या बाईच्या चित्राची छापील प्रत होती. पुष्कळ घरांत असते, आणि पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मी काकांना म्हटलं, हा खरा कियारोस्कुरो. हे जलरंगातलं चित्र आहे, त्यावर व्हार्निश नाही. चित्रातला सगळा अंधार हळदणकरांनी कुंचल्यानं घातलाय. ज्योतीसमोर धरलेली बोटं बघा, मांसातून उजेड आरपार येऊन ती लालसर झालीत. तिथून हनुवटीकडे, गालाकडे, मग साडीच्या निऱ्यांकडे उजेड कसा थकत जातो ते बघा. अंधार आहे, पण त्या अंधारात साडीचा पदर हाताला लागेल असा आहे. आपल्या पणजोबांच्या अंधारात काहीच नाही. तिथे हात घातला तर मेणचटपणा लागेल.

दुसरं उदाहरण मी डच चित्रकार रेम्ब्रांटचं दिलं. त्याचं 1642 सालचं नगररक्षकांच्या तुकडीचं मोठं चित्र ‘नाइट वॉच’, म्हणजे रात्रीचा पहारा, ह्या नावानं जगभर ओळखलं जातं. ते नाव चित्रकारानं दिलेलं नाही. वरचं व्हार्निश काळवंडल्यावर लोकांना ती रात्र वाटली आणि पुढे ते नाव चिकटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जुनं व्हार्निश उतरवलं तेव्हा दिवसाचा उजेड दिसला. तैलचित्रावर शेवटी जे राळेचं व्हार्निश फिरवतात ते सुरुवातीला काचेसारखं स्वच्छ असतं. काही दशकांत पिवळं पडतं, मग चहाच्या रंगाचं होतं. काका म्हणाले, “ते रेम्ब्रांटचं. आपल्या घरात तू हात लावायचा नाही.”

अकरा वर्षांनी छताची गळती झाली आणि चित्र उतरवावंच लागलं. तेव्हा माझी एक मैत्रीण, जी चित्रांच्या संवर्धनाचंच काम करते, घरी आली. तिनं आधी भिंगातून रंग कुठे सुटलाय का ते तपासलं. मग बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून तो स्वतःच्या थुंकीनं ओला केला आणि अंगरख्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत फिरवला. घासला नाही, लाटण्यासारखा गोल फिरवला. लाळेतल्या पाचक द्रव्यांनी तेलकट मळ सुटतो, हे ह्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. कापूस काळा झाला. खाली अंगरखा पिवळा दिसायला लागला, पांढरा नाही. ते व्हार्निश. मग शेजारी तेवढ्याच जागेत तिनं व्हार्निश विरघळवणाऱ्या द्रावणाचा बोळा फिरवला आणि खरा पांढरा वर आला. एका कोपऱ्यात तीन चौकोन: काळपट, पिवळा, पांढरा. काका खुर्ची ओढून त्या तीन चौकोनांसमोर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “करा.”

काम सव्वा महिना चाललं. तुम्हाला ‘काय बघायचं’ हे हवंय ना, तर त्या चित्रात शेवटी जे दिसलं तेच सांगते, म्हणजे तुमच्या चित्रातही शोधता येईल.

उजेड आपल्या उजवीकडून, वरून येतोय. कपाळ आणि उजवा गाल सर्वात उजळ, तिथे रंगही जाड लावलेला. तिथून नाकाकडे येताना रंग किंचित थंड होतो, हिरवट-करडा, हा हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावली ह्यांच्या मधली छटा. सगळी कमाल ह्या पट्ट्यात असते, आणि काळवंडलेल्या व्हार्निशखाली पहिला बळी ह्याचाच जातो. त्याच्या पलीकडे गाल वळतो तिथे सर्वात गडद कड. पण त्या कडेनंतर सावली आणखी काळी होत नाही, उलट जबड्याखाली जरा उबदार होते, कारण पांढऱ्या अंगरख्यावरचा उजेड उलटून तिथे पडलाय. हा परतीचा उजेड दिसला की जबडा गोल वाटतो. तो नसता तर चेहरा पत्र्यातून कापल्यासारखा झाला असता.

आणि पार्श्वभूमी. आम्ही ती सगळीकडे काळीच समजत होतो. प्रत्यक्षात चेहऱ्याची जी बाजू सावलीत आहे, तिच्या मागची भिंत उजळ तपकिरी निघाली, आणि जी बाजू उजेडात आहे तिच्या मागे अंधार. काळ्यासमोर उजळ, उजळासमोर काळं. त्यामुळे माणूस भिंतीपासून हातभर पुढे आला.

सावलीतल्या कानात भिकबाळी निघाली. आमच्यापैकी कोणाला ती माहीतच नव्हती. मी अगदी नाक लावून बघितली: मोती पांढऱ्या रंगानं काढलेलेच नव्हते. राखाडी ठिपके आणि प्रत्येकावर टाचणीच्या टोकाएवढा एक उजळ कण. सावलीतलं पांढरं हे उजेडातल्या कपाळापेक्षा गडदच असतं, हे त्या चित्रकाराला पक्कं माहीत होतं. ज्याला माहीत नसतं तो मोती पांढराशुभ्र काढतो आणि सावलीला भोक पडतं.

तेव्हा म्युझियममध्ये पुन्हा गेलात की चित्रासमोर नाक करून उभे राहू नका. वरचा दिवा व्हार्निशवर चमकतो आणि सगळा गडद भाग पांढरट धुक्यात जातो. एक-दोन पावलं बाजूला सरका, चमक निघून जाईल. तिथे मिनिटभर थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या. मग डोळे किलकिले करा, उजेडाचा एकच मोठा आकार दिसायला हवा. डोळे उघडा आणि सर्वात गडद जागेत काही सापडतं का बघा: खुर्चीचा हात, केसांची कड, पडद्याची घडी. आणि कॉलर किंवा कफ असं पांढरं कापड शोधा. ते मलईच्या रंगाचं असेल तर काळोख बहुधा चित्रकाराचाच. तेही चहासारखं असेल, तर तुमचे डोळे ठीक आहेत, व्हार्निश म्हातारं झालंय. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं ते लिहायला हवं होतं.

काही गोष्टी राहिल्या. इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओच्या वळणाची चित्रं, ज्यांत बहुतेक सगळा पट अंधारात बुडवून थोड्याच जागी उजेड टाकलेला असतो, त्यांना जाणकार टेनेब्रिझम असं वेगळं नाव देतात. चिठ्ठ्यांवर मात्र दोन्हींना एकच शब्द चालवतात. चिठ्ठी लाकडी ठशाच्या छपाईशेजारी असेल तर अर्थच निराळा: एकाच रंगाच्या उजळ-गडद छटांचे दोन-तीन ठसे एकावर एक छापण्याची रीत. आणि हे वाचून घरच्या तैलचित्रावर कृपा करून थुंकी, बटाटा किंवा स्पिरिट लावू नका. सावलीचा रंग पातळ, तेलकट थरांनी चढवलेला असतो आणि उजेडाचा जाड. चुकीच्या हातानं साफ केलं तर आधी सावली निघून जाते. आमच्या चित्रात कानामागे दोन बोटांएवढी जागा अशीच सपाट झालीय, दिवाळीच्या फडक्यांनी. ती आता परत येणार नाही.

आणि एक काकांच्या बाजूचं. उजव्या गालामागच्या अंधारावर मैत्रिणीनं दोनदा बोळा फिरवला. वरचा पिवळा थर निघाला, अंधार तसाच राहिला. तिथे चित्रकारानं मुद्दाम काळं भरलं होतं. काका म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो.” मी म्हटलं, “हो काका, एवढ्या जागेपुरतं तुमचं बरोबर होतं.” ते चष्मा काढून परत भिकबाळी बघायला गेले.